नवं इन्स्टाग्राम अकाउंट काही मिनिटांतच बंद का होतं? आणि ते सुरक्षितपणे कसं उघडायचं?

अ‍ॅप डाउनलोड केलं, नाव टाकलं, ओटीपी भरला, फोटो लावला. अजून पहिली पोस्टही टाकलेली नाही आणि स्क्रीनवर मेसेज येतो: We suspended your account. कुणाला शिवी दिली नाही, काही आक्षेपार्ह टाकलं नाही, मग नियम मोडला कधी?

घरगुती व्यवसायाचं पान सुरू करणाऱ्यांना हा अनुभव बऱ्याचदा येतो, आणि तोही नेमका सणाच्या तोंडावर. यामागचं कारण समजलं तर दोन गोष्टी साधतात. अकाउंट बंद पडण्याची शक्यता बरीच कमी होते आणि बंद पडलंच तर ते परत मिळवायची वाट आपल्याच हातानं बंद होत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ, पण त्यातली प्रत्येक चूक रोजच्या पाहण्यातली आहे.

वीस मिनिटांत काय घडलं?

समजा, नवीन पनवेलमधल्या एक ताई घरून दिवाळीचा फराळ करून विकतात. आजवर सगळ्या ऑर्डर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून यायच्या. यंदा इन्स्टाग्रामवर पान सुरू करायचं ठरलं आणि काम कॉलेजातल्या मुलाकडे आलं.

दुपारी ४ वाजता त्यानं स्वतःच्या जुन्या फोनवर अ‍ॅप उघडलं. या फोनवर त्यानं आधी गेमिंगची आणि फॅन पेजची तीन अकाउंट चालवली होती, त्यातली दोन कंपनीनं बंद केली होती. फोनवर व्हीपीएन सुरूच राहिलेलं होतं. स्वतःचा ईमेल द्यायला नको म्हणून त्यानं दहा मिनिटांत आपोआप नष्ट होणारा तात्पुरता ईमेल वापरला.

४ वाजून ५ मिनिटांनी अकाउंट तयार झालं. पुढच्या दहा मिनिटांत त्यानं पनवेल, कामोठे आणि खारघरच्या स्थानिक पानांपासून ओळखीच्यांपर्यंत साठेक जणांना फॉलो केलं. त्यातल्या पंधरा पानांखाली एकच कमेंट कॉपी-पेस्ट केली: ‘घरगुती फराळ, ऑर्डरसाठी मेसेज करा.’ बायोमध्ये ऑर्डर फॉर्मची छोटी केलेली लिंक टाकली. प्रोफाइल फोटो नाही, एकही पोस्ट नाही.

४ वाजून २० मिनिटांनी अकाउंट बंद. त्यानं लगेच त्याच फोनवरून दुसरं उघडलं, ते दोन मिनिटांत गेलं. तिसऱ्यांदा नोंदणीच पूर्ण होईना.

घरात सगळ्यांचं मत पडलं की कमेंटमुळे कुणीतरी तक्रार केली असणार. प्रत्यक्षात कुणाच्याही तक्रारीची गरज नव्हती.

निर्णय माणूस घेत नाही

इतक्या कमी वेळात बंद होणाऱ्या अकाउंटचा निर्णय स्वयंचलित यंत्रणा घेते. खोट्या अकाउंटचं प्रमाण इतकं आहे की माणसं बसवून ते काम होणारच नाही. २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत फेसबुकनं सुमारे २१९ कोटी खोटी अकाउंट बंद केली होती. त्यातली बहुतेक अकाउंट तयार झाल्यावर काही मिनिटांतच अडवली जातात, असं कंपनीनं त्या वेळी सांगितलं होतं. हे आकडे फेसबुकचे असले, तरी इन्स्टाग्राम त्याच कंपनीचं आहे. आज तिचं नाव मेटा.

अडवण्याच्या तीन जागा असतात. पहिली, नोंदणी पूर्ण होण्याआधी. इथे अकाउंट तयारच होत नाही. दुसरी, नोंदणीनंतर लगेच. तिसरी, पुढे कधीही, वापर पाहून. ताईंचं पहिलं अकाउंट दुसऱ्या जागी अडलं आणि तिसरा प्रयत्न पहिल्याच जागी अडला. म्हणजे दर प्रयत्नागणिक यंत्रणेचा संशय वाढत गेला.

आता या आकड्यांचा अर्थ पाहा. समजा, यंत्रणा हजारात एकदाच चुकली, तरी २१९ कोटींमध्ये ती चूक जवळपास २२ लाख खऱ्या माणसांच्या वाट्याला येईल. खरं चुकीचं प्रमाण किती हा वेगळा प्रश्न, पण एवढ्या मोठ्या गाळणीतून काही चांगले दाणेही चाळून बाहेर पडणार, हे उघड आहे.

नव्या अकाउंटला हा धोका जास्त का? कारण त्याला पूर्वइतिहास नसतो. पाच वर्षं जुन्या अकाउंटनं एका दिवशी पन्नास जणांना फॉलो केलं, तर त्याच्या बाजूनं पाच वर्षांच्या गप्पा, फोटो, ओळखी उभ्या असतात. नव्या अकाउंटकडे यातलं काहीच नसतं. मग यंत्रणा त्याला त्याच्या सोबत्यांवरून ओळखते: फोन कोणता, नेटवर्क कोणतं, ईमेल कसा आणि पहिल्या काही मिनिटांतली घाई किती.

यंत्रणेला कोणत्या खुणा खटकतात?

पहिली खूण म्हणजे फोन. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की आपल्याला वाटतं, पाटी कोरी झाली. तसं होत नाही. फोनचं मॉडेल, त्याची ओळख पटवणारे तांत्रिक तपशील आणि त्यावरून आधी चाललेली अकाउंट यांचा माग कंपनीकडे राहतो. ताईंच्या मुलाच्या फोनवर दोन अकाउंट आधीच बंद झाली होती. फराळाचं अकाउंट त्यांच्याच रांगेत जाऊन बसलं. दोन अकाउंट एकमेकांना जोडलेली असतील, तर एकावरची कारवाई दुसऱ्यावरही येऊ शकते.

दुसरी खूण नेटवर्कची. इंटरनेटवर आपला पत्ता म्हणजे आयपी पत्ता. व्हीपीएन सुरू असलं की आपण पनवेलमध्ये बसून दुसऱ्या देशातून आल्यासारखे दिसतो. शिवाय तोच पत्ता इतर शेकडो जण, त्यात स्पॅम पसरवणारेही, वापरत असतात. रेल्वे स्थानकावरच्या किंवा कॅफेतल्या मोफत वायफायचंही तेच. तिथून आधी कुणी उद्योग करून ठेवले असतील, तर त्याची झळ आपल्याला लागते. मोबाइल डेटावरही एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक असू शकतात, पण घरचं वायफाय किंवा रोजचं सिम यातलं एक धरून ठेवलं तर निदान पत्ता दर पाच मिनिटांनी देश बदलत नाही.

तिसरी खूण ईमेल आणि मोबाइल नंबर. तात्पुरते ईमेल आणि ऑनलाइन भाड्यानं मिळणारे नंबर हे घाऊक खोटी अकाउंट काढणाऱ्यांचं नेहमीचं साहित्य. नव्या सिमबाबत आपल्याकडे आणखी एक भानगड असते. बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, असं ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. म्हणजे दुकानातून आणलेलं कोरं सिम असलं, तरी नंबर कोरा असेलच असं नाही. नोंदणी करताना त्या नंबरावर दुसऱ्याच कुणाचं अकाउंट दिसलं, तर त्यात शिरू नका. तो नंबर बाजूला ठेवा आणि ईमेलनं नोंदणी करा.

चौथी आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे वागणूक. किती फॉलो केले की अकाउंट बंद होतं, हा आकडा इन्स्टाग्राम जाहीर करत नाही. केला तर स्पॅमवाले त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबतील. पण याच कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपनं फेब्रुवारी २०१९ मध्ये, आपल्या लोकसभा निवडणुकीच्या आधी, एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. त्यातलं उदाहरण असं: पाच मिनिटांपूर्वी नोंदवलेल्या अकाउंटनं १५ सेकंदांत १०० मेसेज पाठवायचा प्रयत्न केला, तर ते गैरवापराचंच असणार हे जवळपास नक्की, आणि अशा अकाउंटवर तत्काळ, आपोआप बंदी येते.

या उदाहरणात मेसेजमध्ये काय लिहिलं होतं, याचा उल्लेखच नाही. मोजलं गेलं ते अकाउंटचं वय आणि वेग. ताईंच्या बाबतीतही फराळाची जाहिरात करणं हा गुन्हा नव्हता. दहा मिनिटांच्या अकाउंटनं एकच वाक्य पंधरा ठिकाणी चिकटवणं खटकलं. वर छोट्या केलेल्या लिंकनं संशयाला खतपाणी घातलं, कारण ती कुठे नेते हे वरून कळत नाही.

यातली एकेक खूण सुटी असती, तर कदाचित काही झालं नसतं. चारही एकत्र आल्या आणि हिशेब जमला.

मग अकाउंट उघडायचं कसं?

तेच पान आता पुन्हा, नीट उघडू या. समजा, ताईंनी अजून काहीच केलेलं नाही.

*आधीची तयारी.* ताईंचा रोजचा फोन घ्यायचा, मुलाचा जुना नाही. व्हीपीएन बंद करायचं. अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्यायचं. जास्तीच्या सोयी देणारी बदललेली अ‍ॅप टाळायची. धंद्यासाठी एक कायमचा ईमेल काढायचा आणि त्याचा पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवायचा. अकाउंट अडलं तर पडताळणीचा कोड याच ईमेलवर येतो. तात्पुरता ईमेल दहा मिनिटांत नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर परतीची वाटही.

*जन्मतारीख.* इथे धंदेवाईक पानांची हमखास गफलत होते. जन्मतारखेच्या जागी व्यवसाय सुरू झाल्याची तारीख टाकली जाते. फराळाचा व्यवसाय १५ ऑक्टोबर २०२१ ला, दसऱ्याला सुरू झाला म्हणून ती तारीख भरली, तर यंत्रणेच्या दृष्टीनं हे अकाउंट शाळकरी मुलाचं ठरतं. १३ वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम वापरता येत नाही, त्यामुळे नोंदणी अडते किंवा अकाउंट बंद होतं. वय १३ ते १७ च्या दरम्यान भरलं, तर अकाउंट किशोरवयीनांच्या गटात जातं आणि आपोआप खासगी होतं. मग ग्राहकाला पानच दिसत नाही. अकाउंट दुकानाचं असो वा मांजराचं, तारीख चालवणाऱ्या माणसाचीच टाकायची.

*नाव.* ओळखीच्या मोठ्या ब्रँडशी मिळतंजुळतं नाव किंवा लोगो नको, नावापुढे उगाच official सुद्धा नको. तोतयेगिरीचा संशय तिथूनच येतो. गावाचं नाव आणि पदार्थ असं साधं युजरनेम पुरतं.

*जुन्या अकाउंटमधून नवं काढणं.* ताईंचं स्वतःचं जुनं, नियमित वापरातलं इन्स्टाग्राम अकाउंट असेल, तर त्यातूनच Add account निवडून नवं अकाउंट काढता येतं. एका फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पाच अकाउंटपर्यंत अदलाबदल करता येते. फायदा असा की नवं अकाउंट अगदीच अनोळखी राहत नाही. पण ही जोडणी दुधारी आहे. जुन्यावर आधीच इशारे आले असतील, तर त्याला नवं जोडू नका.

*पहिला दिवस.* प्रोफाइल फोटो, दोन ओळींची साधी ओळख आणि स्वतः काढलेल्या चकलीचा किंवा अनारशांचा एक फोटो. ईमेल आणि नंबर दोन्हींची पडताळणी पूर्ण करायची. घरच्या, ओळखीच्या पाच-दहा जणांना फॉलो करायचं आणि त्यांना परत फॉलो करायला सांगायचं. मग फोन खाली ठेवायचा. लिंक नाही, मेसेज नाही, कमेंटचा मारा नाही.

*पहिला आठवडा.* रोज एखादी पोस्ट किंवा स्टोरी. आलेल्या कमेंटला प्रत्येक वेळी वेगळं, त्या माणसाला उद्देशून उत्तर. फॉलो थोडे थोडे, दिवसभरात विखुरलेले. दोन-तीन दिवसांनी दोन टप्प्यांची सुरक्षा सुरू करायची आणि तिचे बॅकअप कोडही त्याच वहीत लिहायचे. लिंक टाकायची तर चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि पूर्ण स्वरूपातली. हे दिवस आणि आकडे कंपनीचे नियम नाहीत. खऱ्या माणसाच्या वापराचा वेग साधारण असा असतो, म्हणून ते धरले आहेत.

दिवाळीची ऑर्डर घ्यायची असेल, तर पान दिवाळीच्या आठवड्यात नव्हे, नवरात्रात उघडावं. घाई टाळायचा सर्वांत सोपा उपाय तोच.

तरीही बंद झालंच तर?

आधी स्क्रीन नीट वाचा, आणि तिचा स्क्रीनशॉट घ्या. शब्दांत थोडा फरक असू शकतो, पण प्रकार साधारण तीन.

Try again later असं आलं, तर अकाउंट बंद नाही. फॉलो किंवा कमेंट अशी एखादी कृती काही काळ थांबवली आहे. एक-दोन दिवस काहीच करू नका. पुन्हा पुन्हा बटण दाबल्यानं अडचण वाढते.

Help us confirm it's you किंवा तशा अर्थाचं काही आलं, तर यंत्रणा पुरावा मागते आहे. कोड, चित्रकोडं किंवा कधी सेल्फी व्हिडिओ. हे त्याच फोनवर, त्याच नेटवर्कवर पूर्ण करा.

We suspended your account आलं, तर अकाउंट तात्पुरतं बंद झालेलं आहे. इथे निर्णयाशी असहमती नोंदवायला सहसा १८० दिवस मिळतात आणि उरलेले दिवस स्क्रीनवर दिसतात. ही मुदत गेली की अकाउंट कायमचं जातं. Appeal किंवा Disagree with decision निवडल्यावर आधी चित्रकोडं, मग ईमेल किंवा मोबाइलवरचा कोड आणि काही वेळा सेल्फी व्हिडिओ किंवा ओळखपत्र मागितलं जातं. ओळखपत्र मागितलं, तर अकाउंटमध्ये भरलेली जन्मतारीख त्याच्याशी जुळायला हवी. दसऱ्याची तारीख टाकणाऱ्याची पंचाईत होते ती इथे.

अपील केल्यावर सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे थांबणं. त्याच फोनवरून दुसरं अकाउंट उघडू नका. बंद झालेल्या माणसानं लगेच नवं अकाउंट काढणं ही यंत्रणेच्या नजरेत बंदी चुकवण्याची धडपड असते. ताईंच्या मुलाचं दुसरं अकाउंट दोन मिनिटांत गेलं, ते यामुळेच. पहिल्यावर अपील करून तो थांबला असता, तर निदान एका खऱ्या माणसाची बाजू तिथे नोंदली गेली असती.

अपील फेटाळलं गेलं किंवा काहीच उत्तर आलं नाही, तर भारतात आणखी एक दार आहे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. इन्स्टाग्रामच्या मदत विभागात त्याच्याकडे तक्रार करण्याची सोय आहे. तक्रारीत युजरनेम, नोंदणीचा ईमेल, बंद झाल्याची तारीख आणि वेळ आणि स्क्रीनशॉट द्या. रागाचं लांबलचक पत्र लिहिण्यापेक्षा ही चार ओळींची माहिती उपयोगी पडते. तिथलं उत्तर पटलं नाही, तर उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर ऑनलाइन अपील करता येतं. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये स्थापन झाल्या. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि आलेले ईमेल जपून ठेवा, पुढच्या पायरीवर तेच कागद लागतात.

या मधल्या काळात आणखी एक जण तुम्हाला गाठतो. ‘माझी कंपनीत ओळख आहे, पाच हजारांत अकाउंट चालू करून देतो’ असं म्हणणारा. तो पैसे घेतो, मग ओटीपी मागतो, आणि ओटीपी दिलात की उरलेली अकाउंटही त्याच्या ताब्यात जातात. जुनं, ‘पिकलेलं’ अकाउंट विकत देणाऱ्यांचंही तसंच. त्या अकाउंटचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसतो, कंपनीला ठाऊक असतो. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढे वळती होण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच जास्त असते.

ताईंच्या बाबतीत आता करण्यासारखं काय? दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नाचा नाद सोडायचा. पहिल्या अकाउंटवर मुलाच्याच फोनवरून, व्हीपीएन बंद करून अपील करायचं. तात्पुरता ईमेल गेला असल्यामुळे कोड मोबाइलवर मागवता येतो का, ते पाहायचं. अपीलचा निकाल लागेपर्यंत यंदाच्या ऑर्डर नेहमीप्रमाणे सोसायटीच्या ग्रुपवर घ्यायच्या. आणि मुलानं त्या फोनवरून फराळाचं चौथं अकाउंट उघडायचं नाही.